पाय चार्ट हटवला, मग गाडी बरोबर डेपोला जायला लागली

आमचा इंदूरचा नमकीनचा होलसेल धंदा, मॅनेजर भाऊंना रोज सकाळी डॅशबोर्ड बघून एवढंच ठरवायचं असतं की आज गाडी कुठल्या डेपोला पाठवायची. पण तिथे होता पाय चार्ट, कुठे किती माल पडलाय त्याचा. उज्जैन ९०० पेट्या, धार ४००, म्हणजे धारचा तुकडा छोटा दिसणार आणि गाडी धारला जाणार. पण उज्जैनला रोज ३०० पेट्या खपतात, म्हणजे माल ३ दिवसांचाच, आणि धारला रोज ५०, म्हणजे ८ दिवस आरामात!

मग मी पाय चार्ट हटवून आडवे बार लावले, शिल्लक भागिले रोजची सरासरी विक्री, सगळ्यात कमी दिवसवाला डेपो वर, आकडा बारच्या टोकालाच लिहिला. माल पोचायला ४ दिवस लागतात म्हणून तिथे एक उभी रेघ, तिच्या आत जो बार तोच लाल, बाकी सगळे राखाडी. टायटल पण "स्टॉक स्टेटस" होतं ते "माल किती दिवस पुरेल" केलं.

भाऊंना काही न सांगता स्क्रीन दाखवली, लगेच म्हणाले, "उज्जैन."

फक्त दिवाळीच्या आधी गेल्या महिन्याची सरासरी धरू नका, खप वाढलेला असतो आणि बार उगाच लांब दिसतो, तेव्हा मागच्या दिवाळीचे आकडे घ्या.