कथा न फोडता ट्रेलर कसा कापावा

चित्रपटाचे संकलन पूर्ण झाले आहे आणि संवाद, संगीत व ध्वनिपरिणाम यांचे ट्रॅक वेगवेगळे हाती आहेत, असे मी गृहीत धरतो. सगळा आवाज एकत्र मिसळलेल्या प्रतीवरून ट्रेलर कापू नये, कारण मग प्रत्येक कटला पार्श्वसंगीत तुटते.

आधी उपयोगी वाटणारे शॉट वेगळ्या टाइमलाइनवर काढावेत. दोन मिनिटांच्या ट्रेलरसाठी दहा-बारा मिनिटांचे साहित्य पुरते.

खरी कसोटी त्यानंतरच्या निवडीत आहे. "शेवटची वीस मिनिटे वापरू नका" हा सर्रास मिळणारा सल्ला अपुरा आहे, कारण शॉट चित्रपटात कुठे येतो यापेक्षा त्यात घडून गेलेल्या घटनेची खूण आहे का, यावर रहस्य टिकते. काटोलकडच्या एका संत्राबागेवरून बापलेकात पडलेल्या वादाचा चित्रपट मी नागपुरात संकलित केला होता. वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग मी ट्रेलरमधून संपूर्ण वगळला. मात्र मुलगा पहाटे मोटारसायकलवरून कळमन्याच्या बाजारात शिरतो, तो जेमतेम दीड सेकंदाचा शॉट केवळ त्यातल्या प्रकाशासाठी ठेवला. सीताबर्डीला चार जणांना ट्रेलर दाखवला, तेव्हा पहिल्यानेच विचारले, "म्हणजे याचे बाबा जातात ना?" मुलाचे मुंडण झालेले होते. चित्रपट पन्नासदा पाहिलेल्या मला ते दिसलेच नव्हते.

तेव्हापासून मी निवडलेला प्रत्येक शॉट आवाज बंद करून, थांबवून पाहतो आणि केस, जखमेची पट्टी, मंगळसूत्र, भिंतीवरची हार घातलेली तसबीर असे काही दिसते का ते तपासतो. संकटाची चाहूल देणारा शॉट ठेवावा, संकटाचा परिणाम दाखवणारा काढावा. तो अगदी हवाच असेल, तर चित्र मोठे करून खूण चौकटीबाहेर टाकता येते. मी त्या शॉटमधले फक्त चाक आणि मागे बांधलेले संत्र्यांचे क्रेट ठेवले. चित्रीकरण ४के असून ट्रेलर फुल एचडी असेल, तर दुपटीपर्यंत मोठे करूनही चित्र फुटत नाही. चित्रीकरणच एचडी असेल, तर हा उपाय फार ताणू नये.

शॉटची जोडणीही तितकीच घातक ठरते. "बाबा, सही करू नका" या संवादापाठोपाठ खरेदीखताचा शॉट लावला की बाग विकली गेल्याचे सांगून मोकळे होतो. मी तो संवाद रिकाम्या बागेच्या दृश्यावर ठेवला आणि खरेदीखत पूर्ण काढून टाकले.

मग चित्रपट न पाहिलेल्या माणसाला ट्रेलर दाखवून शेवट काय होईल ते विचारावे. युनिटमधली माणसे या कामी निरुपयोगी असतात. त्याने शेवट खात्रीने व अचूक सांगितला, तर कोणत्या शॉटवरून ओळखले ते विचारून तेवढाच शॉट बदलावा आणि पुढच्या वेळी नवा माणूस बसवावा.

संगीत, नाव आणि तारीख शेवटी जोडावी. चित्रपटगृहात दाखवायचा असल्यास ट्रेलरसाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते.