केळी उत्पादकांच्या टेलिग्राम गटावर बॉट बसवण्यापूर्वीची तयारी

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांच्या आमच्या टेलिग्राम गटावर नवीन सदस्यांना प्रश्न विचारणारा आणि दर सोमवारी नियम पिन करणारा बॉट मी गेल्या मे महिन्यात बसवला, तरीही पहिल्याच आठवड्यात 41 जण एकाही प्रश्नाचे उत्तर न देता आत आले. त्यांतील काहींनी मृगबागेच्या तोंडावर टिश्यू कल्चर रोपांच्या आगाऊ नोंदणीचे संदेश टाकले, आमच्या दोन सदस्यांनी पैसे भरले, आणि रोपे आलीच नाहीत. बॉटमध्ये दोष नव्हता. मी गटाची जुनी निमंत्रण लिंक रद्द केली नव्हती.

म्हणून पहिले काम तेच. `Request Admin Approval` चालू करून नवी लिंक तयार केली की प्रवेशाची विनंती बॉटकडे येते, पण हा नियम त्या एका लिंकपुरताच असतो. आधीच्या लिंका तशाच उघड्या राहतात, आणि आमची एक लिंक तर वर्षभरापूर्वीच्या मेळाव्याच्या पत्रकावर छापलेली होती. शिवाय प्रत्येक ॲडमिनची स्वतःची वेगळी लिंक असते. बॉट फक्त स्वतः तयार केलेली लिंक रद्द करू शकतो, त्यामुळे हे काम त्याच्यावर सोपवता येत नाही. गटाच्या मालकाने निमंत्रण लिंकांचे पान उघडून स्वतःच्या आणि इतर ॲडमिनांच्या सर्व लिंका एकेक करून रद्द कराव्यात. मुख्य लिंक रद्द करताच टेलिग्राम तिच्या जागी दुसरी तयार करते. ती कोणालाही देऊ नये. सदस्यांना इतरांना जोडण्याची परवानगी असेल तर तीही बंद करावी, कारण तेथूनही माणसे प्रश्नांविना आत येतात.

बॉटला ॲडमिन करताना लिंकद्वारे सदस्य बोलावण्याचा आणि संदेश पिन करण्याचा, एवढेच दोन अधिकार पुरेत. बॉटचे टोकन, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, कोणालाही पाठवू नये.

विनंती आल्यावर बॉटला त्या अनोळखी व्यक्तीस संदेश पाठवण्यासाठी पाचच मिनिटे मिळतात. वापर नसताना झोपी जाणाऱ्या मोफत सर्व्हरवर बॉट ठेवला आणि तो उशिरा जागा झाला, तर विनंती दिसते पण प्रश्न पोहोचत नाही, आणि अर्जदार आपल्याला कोणी विचारलेच नाही असे समजून नाराज होतो. अशा अडकलेल्या विनंत्या रोज रात्री एका ॲडमिनने हाताने पाहाव्यात.

प्रश्न तीनच असावेत: गाव व तालुका कोणता, बाग मृगबाग की कांदेबाग आणि लागवड कोणत्या महिन्यातली, आणि गटात विक्रीचे संदेश चालत नाहीत हे मान्य आहे का. यांतील दुसरा प्रश्न खरे काम करतो. बागायतदार एका ओळीत उत्तर देतो. ‘कांदेबाग, लागवड मे’ असे उत्तर आले तर ॲडमिनने फोन करून खात्री करावी, कारण कांदेबागेची लागवड पावसाळा सरताना होते. सातबारा किंवा आधारचे छायाचित्र मागू नये; ते सांभाळण्याची जबाबदारी आपल्याला पेलणारी नाही. बॉटने उत्तरे ॲडमिनांच्या वेगळ्या गटात पाठवावीत आणि होकार-नकार माणसाने द्यावा, कारण नवख्या शेतकऱ्याचे चुकीचे उत्तर आणि लबाडाचे उत्तर यांतला फरक यंत्राला कळत नाही. आणि हे सर्व प्रश्न जुनी लिंक जिवंत असेल तर निरुपयोगी आहेत, हे पुन्हा सांगतो.

साप्ताहिक नियमांची वेळ ठरवताना लक्षात ठेवावे की सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी वेळेवर असते. सकाळी साडेआठला संदेश हवा असेल तर 03:00 लिहावे लागते. साडेआठच लिहिले तर तो दुपारी दोनला जातो. दर सोमवारची क्रॉनची ओळ अशी:

```
0 3 * * 1 /usr/bin/python3 /home/bot/niyam.py
```

नवा संदेश पिन करण्यापूर्वी मागच्या आठवड्याचा काढावा. त्यासाठी त्याचा `message_id` जपून ठेवावा, अन्यथा पिनांची रांग लागते. `disable_notification` चालू ठेवावे. नियम पाच ओळींत मावावेत.

शेवटी चाचणी. गटात नसलेल्या दोन क्रमांकांपैकी एकावरून नव्या लिंकने विनंती करावी आणि प्रश्न येतात का ते पाहावे; मग दुसऱ्यावरून पत्रकावरची जुनी लिंक, व्हॉट्सॲपवर फिरणारी लिंक आणि प्रत्येक ॲडमिनची आधीची लिंक उघडून पाहावी. यांतील एकीनेही थेट प्रवेश मिळाला, तर नवी लिंक कोणालाही पाठवू नये.