‘चौकशी चालू आहे’ एवढं लिहून माहिती नाकारली तेव्हा

मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून लागलो, तेव्हा माहिती अधिकाराचं टेबल माझ्याकडे आलं. पहिलाच अर्ज रोजगार हमीतल्या सिंचन विहिरीचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेलं, मागणी चार गोष्टींची: मोजमाप पुस्तिका, हजेरीपट, लाभार्थ्याची कागदपत्रं आणि गावकऱ्यांचे जबाब. विहीर कागदावरच खोदली अशी तक्रार होती आणि चौकशी सुरू होती.

मी जुनी फाइल बघून उत्तराचा मसुदा केला: चौकशी चालू असल्याने कलम 8(1)(एच) नुसार माहिती देता येत नाही. जन माहिती अधिकाऱ्यांनी सही केली. अर्जदारानं 30 दिवसांच्या आत प्रथम अपील केलं. सुनावणीत गटविकास अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, “ह्या कागदाची नक्कल दिली तर चौकशी कशी अडेल, सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यातले शब्द ‘चौकशी चालू असणे’ असे नाहीत, तपासाला ‘अडथळा’ येईल असे आहेत. 2007 साली भगत सिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं हेच सांगितलंय. आणि नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर, अर्जदारावर नाही.

मग फाइल पानापानानं काढली. मोजमाप पुस्तिका आणि हजेरीपट चौकशीच्या आधीचे, त्यांच्या नकला चौकशी अधिकाऱ्याकडे पोचलेल्या. त्या देऊन काय अडणार? दिल्या. जबाबांचं वेगळं होतं. चौकशी अर्धी, साक्षीदार त्याच गावातले. कोण काय बोललं हे बाहेर गेलं तर उरलेल्यांवर दबाव येणार. ते नाकारले, पण हे कारण उत्तरात लिहून. चौकशी संपल्यावर हा बचाव उरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

लाभार्थ्याच्या कागदांवर आधार आणि बँक खात्याचा नंबर होता. ही वैयक्तिक माहिती, कलम 8(1)(जे). तेवढ्यासाठी सगळा कागद अडवायचा नाही. कलम 10 प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचा द्यायचा. (नकलेवर काळ्या पेनानं खोडलं तर पान उजेडात धरल्यावर आकडे वाचता येतात. खोडलेल्या नकलेची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्या.) 2025 च्या नोव्हेंबरपासून ‘जे’ची भाषा बदलून बरीच आखूड झालीय, त्यामुळे नुसतं ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारायचा मोह वाढलाय. पण कलम 8(2) तसंच आहे: जनहित जास्त असेल तर सूट असूनही माहिती देता येते. नसलेल्या विहिरीचे पैसे कोणाच्या नावावर निघाले, ह्यात ते आहेच, म्हणून नाव आणि रक्कम झाकली नाही.

अर्जदार नकला घ्यायला आला. पानं उलटत झाकलेल्या जागेवर थांबला आणि म्हणाला, “खाते नंबर नकोच होता हो साहेब, मला मोजमापाची तारीख पाहिजे होती.”