वगातल्या गावकऱ्यांची नावं कशी ठेवावीत: एका ‘उद्याकर’ची गोष्ट

चैत्र-वैशाखात सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की हौशी मंडळांना वग बसवायची घाई होते. गण, गौळण, बतावणी यांचा साचा पाठ असतो. अडतं ते वगात, कारण वगाला नवी गोष्ट लागते आणि गोष्टीतल्या गावकऱ्यांना नावं लागतात. बरीच मंडळं नावं शेवटी ठेवतात, हाताला लागतील तशी. माझा अनुभव उलटा आहे. नाव नीट सापडलं तर निम्मा वग त्यातूनच सुटतो. हे कसं करायचं ते मी एका वगाच्या आधारे सांगतो. त्यातल्या गावाचं नाव वायदेवाडी बुद्रुक. नळयोजना मंजूर आहे, चर खणलाय, पाणी मात्र टँकरचंच येतंय. गावाचं नाव ऐकताच लोकांना कळतं की इथं फक्त वायदे मिळतात.

आधी खोड, मग नाव

पात्राची एकच खोड ठरवा आणि ती एका वाक्यात लिहून काढा. खोड अशी हवी की तिच्यामुळे कथेत काहीतरी अडेल. ‘ग्रामसेवक आळशी आहे’ हे पुरेसं नाही. ‘ग्रामसेवक प्रत्येक काम उद्यावर ढकलतो, म्हणून नळाला पाणी येत नाही’ हे पुरतं. आळशी माणसाचं नाव झोपेवरून, जांभईवरून, खाटेवरून कशावरूनही ठेवता येईल आणि त्यातलं एकही कथेला पुढे नेणार नाही. ‘उद्या’ हा शब्द मात्र पाण्याच्या आड येतो. तोच नावात हवा.

जुन्या लोककलेत नावं बहुधा अंगावरून पडत. गौळणीतला पेंद्या, काल्यातले वाकड्या आणि बोबड्या आठवून पाहा. नाव ऐकलं की चाल आणि बोली डोळ्यासमोर येते, नटाने पाऊल टाकण्याआधीच. ही ताकद आपल्याला हवीच आहे. पण एखाद्याच्या अपंगत्वावर हसवणारं नाव मी आज नव्याने ठेवणार नाही. समोर बसलेल्यांत तसं कुणाचं तरी पोर असतं. खोडीवरून ठेवलेलं नाव तितकंच चटकन पोचतं, आणि खोड बदलता येते, म्हणून कथेला शेवटही मिळतो.

आडनावाचा साचा

मराठी आडनावांचे दोन साचे वगाच्या फार कामाचे आहेत. पहिला वाघमारे, डोईफोडे, दहातोंडे, आगलावे या आडनावांचा. यातल्या बहुतेकांत एक वस्तू आणि तिच्याशी केलेली एक क्रिया असते, शेवटी ‘ए’ लागतो. ही खरी आडनावं आहेत, म्हणून ऐकणाऱ्याचा कान या घडणीला सरावलेला आहे. त्याच घडणीत नवा शब्द बसवला की तो आधी आडनाव म्हणून कानात शिरतो आणि मग उलगडतो. तसे आमच्या वगात सरपंच झाले मानडोले, घरोघर चुगल्या सांगणारी काशाक्का झाली कानभरे, आणि सावकार मुद्दलगिळे.

दुसरा साचा ‘कर’चा. बार्शीकर, करमाळकर, सांगोलकर असं रोज ऐकणाऱ्या माणसाला ‘उद्याकर’ म्हटलं तर क्षणभर त्याला वाटतं, असेल कुठलंतरी उदे नावाचं गाव. मग उजेड पडतो: उद्या कर! ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात, म्हणून त्यांचं पूर्ण नाव भाऊसाहेब उद्याकर. पुढे काही जोडायची गरजच राहिली नाही.

तिसरी वाट उलट्या नावाची, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या चालीची. आमच्या टँकरवाल्याचं नाव गंगाधर. नाव अगदी साधं, घरोघरी असतं तसं. पण टँकर रिकामा आला आणि सोंगाड्या वर चढून आत वाकून ओरडला, ‘गंगाधरा, गंगा कुठं सांडलास बे?’ की ते साधं नाव एकदम खुलतं. असं नाव एका वगात एकच ठेवावं.

आणि एका पात्राचं नाव अगदी सरळ ठेवावंच लागतं. नळासाठी हेलपाटे घालणारी आमची बाई नुसती सखू आहे. तिच्या नावात गंमत घातली असती तर तिची तहान खोटी वाटली असती. इतर नावं हास्यास्पद आहेत हे लोकांना कळतं तेच तिच्यामुळे, कारण ती त्यांना खरी माणसं समजून बोलते.

दोन चाळण्या

सावकाराचं नाव आधी मी ‘व्याजप्पा’ ठेवलं होतं. तालमीत सगळ्यात जास्त हशा त्यालाच होता. तरीही काढून टाकलं. आपल्याकडे मलकप्पा, सिद्रामप्पा अशी नावं आहेत आणि ‘अप्पा’ म्हटलं की ऐकणारा जात-समाज ओळखू पाहतो. हसायचं होतं व्याजाला, बोट गेलं असतं एका समाजाकडे. ‘व्याजीराव’ केल्यावर तो धोका गेला. बाजीराव, सयाजीराव यांच्या चालीवर ते बसतं आणि सावकाराचा रुबाबही त्यात येतो.

दुसरी चाळणी गावातल्या नावांची. ज्या गावात प्रयोग आहे तिथल्या यात्रा कमिटीच्या एका जाणत्या माणसाला पात्रांची यादी प्रयोगाआधी वाचून दाखवायची. एका गावात मी हे केलं नाही. लाच खाणाऱ्या पात्राला मी बनवून ठेवलेलं आडनाव त्या गावातल्या एका घराचं खरं आडनाव निघालं. त्या घरचे आजोबा पहिल्या रांगेत होते. ते काही न बोलता उठून गेले आणि त्यांच्यामागे त्यांची भावकी. प्रयोग संपेपर्यंत त्या रिकाम्या सतरंजीकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक पात्राला एक बदली नाव तयार ठेवतो. त्यातही तीच खोड असते, म्हणून ऐनवेळी संवाद मोडत नाहीत.

कर्ण्यातून ऐकू येतं का?

नाव कागदावर कितीही छान असो, ते मैदानावर ऐकू गेलं पाहिजे. एकाला शंभर पावलांवर उभं करा, माईकवरून नाव एकदाच म्हणा आणि त्याला काय ऐकू आलं ते लिहायला सांगा. आमचं ‘व्याजीराव’ तिथून ‘बाजीराव’ ऐकू आलं. सुरुवातीचं जोडाक्षर कर्ण्यात हरवतं. नाव बदलण्याऐवजी आधीची ओळ बदलली: ‘शेकडा पाच व्याज घेणारे व्याजीराव आले!’ व्याज हा शब्द कानात असला की नाव आपोआप नीट ऐकू येतं. ‘उद्याकर’ला अशी मदत लागली नाही. शेवटचा ‘कऽऽर’ लांबवता येतो, म्हणून ते हाक मारायला चांगलं आहे. वगात नावं बोलली कमी जातात, हाकारली जास्त जातात.

सगळ्या पात्रांची पहिली अक्षरंही वेगवेगळी असावीत. मानडोले आणि मुद्दलगिळे एकाच प्रवेशात आले तेव्हा मागच्या रांगा गोंधळल्या. मग सावकाराला सगळे नुसतं व्याजीराव म्हणू लागले आणि आडनाव फक्त त्याच्या पहिल्या एंट्रीला ठेवलं.

नाव तीनदा खर्च करा

इथं सगळ्यात जास्त वग पडतात. पहिल्या हशाने खूश होऊन नट तेच नाव त्याच अर्थाने दहा वेळा म्हणतो आणि चौथ्या वेळी कुणी हसत नाही. नावात जितके अर्थ असतील तितक्याच वेळा त्यावर हशा मागावा. ‘उद्याकर’मध्ये तीन निघाले.

पहिला अर्थ हुकमाचा.

सखू: भाऊसाहेब, तुमचं आडनाव काय वो?
ग्रामसेवक: उद्याकर.
सखू: उद्या कशाला? आजच करते की! सांगा, काय करायचं?

लक्षात घ्या, सखू विनोद करत नाही. तिने खरंच तसं ऐकलं. ती डोळे मिचकावून बोलली तर हशा अर्धा होतो. हलगीची थाप ‘उद्याकर’वर पडू देऊ नका, लोकांना ते नाव उलगडायला श्वासभर वेळ लागतो. थाप सखूच्या ‘आजच करते की’नंतर.

दुसऱ्या वेळी शब्द तोच, काम अंगाने. चर खणणारा गडी कुदळ उचलतो. तेवढ्यात सरपंच विंगेतून हाक मारतात, ‘ओ उद्याकऽऽर!’ गडी कुदळ खाली ठेवतो, टॉवेल झटकतो आणि घरी निघतो. हे दोनदा झालं की लोकांना कळतं, या गावात ग्रामसेवकाला हाक मारली तरी काम बंद पडतं. आता नाव फक्त गंमत राहिलं नाही, तेच कथेतलं संकट झालं.

तिसरा अर्थ शेवटासाठी राखून ठेवायचा, आधी कुणाच्याही तोंडून निसटू द्यायचा नाही. ‘कर’ म्हणजे पट्टी. ग्रामसेवक पावतीपुस्तक घेऊन सखूच्या दारात येतो, ‘पाणीपट्टी भर, मग पाणी.’ सखू घागर पुढे करते:

सखू: तुमच्याच नावाला मान देते भाऊसाहेब. आज पाणी, उद्या कर!

वगभर जे नाव तिला अडवत होतं तेच तिच्या हातात आलं. पुढे लगेच कुणी बोलू नये. मानडोले मान डोलवतात, एवढंच.

अक्कलकोटकडे आणि पूर्व भागात

सोलापुरात ही शेवटची पायरी चुकवून चालत नाही. अक्कलकोटच्या बाजूला घरात कन्नड बोललं जातं, शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू. मराठी सगळ्यांना कळतं, पण शब्द तोडून जोडण्याची गंमत आपल्या घरच्या भाषेत जितकी पटकन लागते तितकी दुसऱ्या भाषेत लागत नाही. मानडोलेचं काम तिथंही होतं, मान डोलताना दिसतेच. उद्याकरला आधार द्यावा लागला.

कर्नाटकात भूत दारात येऊ नये म्हणून दारावर ‘नाळे बा’ लिहायची रीत होती. अर्थ, उद्या ये. भूत ते वाचून परत जातं आणि उद्या आलं तरी पुन्हा तेच वाचतं. तेलुगूत हेच ‘रेपु रा’. म्हणून तिकडच्या प्रयोगात ग्रामपंचायतीच्या दाराला एक पाटी लावली. सखू अर्ज घेऊन येते, सोंगाड्या तिला पाटी वाचून दाखवतो, ‘नाळे बा!’ आणि वर सांगतो, ‘साहेबांचं आडनावच हाय ते, कन्नडात.’ पूर्व भागात पाटीवर ‘रेपु रा’ येतं आणि ओळीत ‘कन्नडात’च्या जागी ‘तेलुगूत’. ही ओळ ज्याला ती भाषा खरोखर येते अशाच नटाला द्यावी. ‘नाळे’मधला ळ चुकला तरी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांना लगेच कळतं, आणि मग त्या पाटीला न हसता नटाला हसतात.