संस्थापक जातो तेव्हा त्याच्या शेअरची किंमत कशी ठरते

शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटच्या कामाला नव्याने लागलेल्या ज्युनियरला मी पहिल्या आठवड्यात लीव्हरचं कलम, म्हणजे कंपनी सोडून जाणाऱ्याच्या शेअरचं काय होतं ते सांगणारं कलम, वाचायला देते. बहुतेक जण गुड लीव्हर कोण आणि बॅड लीव्हर कोण ही यादी मन लावून वाचतात आणि तिथेच थांबतात. वाटाघाटीतही तेच होतं. संस्थापक आणि गुंतवणूकदार ‘राजीनामा दिला तर बॅड का?’ यावर तासन्‌तास बोलतात, आणि चार पानं पुढे असलेली ‘फेअर व्हॅल्यू’ची व्याख्या कोणी उघडतही नाही. पैसे मात्र त्या व्याख्येत असतात.

आधी यादीबद्दल थोडक्यात. मृत्यू, गंभीर आजार किंवा ठोस कारणाशिवाय कंपनीने काढून टाकणं हे साधारणपणे गुड. फसवणूक, कराराचा गंभीर भंग, स्पर्धक कंपनीत जाणं हे बॅड. खरी गोष्ट मधल्या जागेत असते: यादीत न बसणारा माणूस कुठे पडतो? ‘गुड लीव्हर म्हणजे पुढील कारणांनी जाणारा, बाकी सगळे बॅड’ असं लिहिलं असेल, तर स्वतःहून शांतपणे राजीनामा देणाराही बॅड ठरतो. ‘बॅड म्हणजे पुढील कारणांनी जाणारा, बाकी सगळे गुड’ असं असेल, तर तोच माणूस गुड ठरतो. आपण संस्थापकाच्या बाजूने असू तर ही एक ओळ फिरवून घेण्यासाठी सगळा जोर लावावा. बोर्डाला कोणालाही गुड ठरवण्याचा अधिकार असतो, त्यावर फार विसंबू नये. संबंध बिघडल्यावर बोर्ड उदार होत नाही.

आता किंमत. एक काल्पनिक कंपनी घेऊ. चलन मुद्दाम लिहीत नाही, हिशेब कुठेही तोच राहतो. एकूण शेअर १,००,०००. त्यातले २५,००० गुंतवणूकदाराचे प्रेफरन्स शेअर, ५०० च्या भावाने घेतलेले, म्हणजे त्याने १ कोटी २५ लाख घातले. उरलेले ७५,००० साधे शेअर. त्यातले २०,००० आपल्या संस्थापकाचे, तिने सुरुवातीला प्रत्येकी १ देऊन घेतलेले. व्हेस्टिंग, म्हणजे शेअर टप्प्याटप्प्याने पक्के तिचे होणं, ४ वर्षांचं; पहिल्या वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्ष भरण्याआधी गेली तर काहीच पक्कं नाही, नंतर दर महिन्याला. ती ३० महिन्यांनी जाते. ४८ पैकी ३० महिने म्हणजे ६२.५ टक्के: १२,५०० शेअर व्हेस्ट झालेले, ७,५०० न झालेले.

बॅड लीव्हर असेल तर हिशेब दोन ओळींत संपतो. अशा कलमात बहुधा सगळेच शेअर परत द्यावे लागतात, व्हेस्ट झालेलेसुद्धा, आणि भाव असतो ‘मूळ खरेदी किंमत किंवा फेअर व्हॅल्यू, यातली कमी’. म्हणजे २०,००० शेअरचे २०,०००. ‘यातली कमी’ हे शब्द कंपनी डबघाईला आली असेल तेव्हासाठी असतात. नाहीतर बुडालेल्या कंपनीतून जाणाऱ्याला मूळ किंमत पूर्ण मिळाली असती.

गुड लीव्हर असेल तर व्हेस्ट न झालेले ७,५०० शेअर मूळ किमतीला जातात, म्हणजे ७,५००. व्हेस्ट झालेले १२,५०० तिच्याकडे राहू शकतात, किंवा कंपनीला ते फेअर व्हॅल्यूने घेण्याचा हक्क असतो. कंपनी तो हक्क वापरते असं धरू. फेअर व्हॅल्यू किती?

संस्थापकाच्या डोक्यात ५०० असतात, कारण गुंतवणुकीच्या मागच्या फेरीत तोच भाव होता. पण तो प्रेफरन्स शेअरचा भाव आहे, साध्याचा नाही, आणि त्या दिवसाचा आहे. समजा व्हॅल्युअर म्हणतो की आज सगळी कंपनी ३ कोटींची आहे. सगळे शेअर सारखे धरले तर भाव ३०० येतो आणि तिला ३७ लाख ५० हजार मिळतात.

पण व्याख्येत ‘शेअरच्या हक्कांचा विचार करून’ असं असेल, तर व्हॅल्युअर लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली किंवा बंद झाली तर आधी पैसे घेण्याचा प्रेफरन्स शेअरवाल्याचा हक्क, मोजतो. गुंतवणूकदाराला आधी आपले १ कोटी २५ लाख घेता येतात. ३ कोटींचा चौथा हिस्सा ७५ लाखच होतो, म्हणून तो प्रेफरन्सच निवडेल. उरलेले १ कोटी ७५ लाख ७५,००० साध्या शेअरांत वाटले की भाव २३३ च्या आसपास. तिचे पैसे सुमारे २९ लाख १७ हजारांवर येतात.

वर मायनॉरिटी डिस्काउंट लागला तर? छोट्या हिश्श्याला नियंत्रण नसतं, सहज गिऱ्हाईक नसतं, म्हणून व्हॅल्युअर सूट लावतो. ती ३० टक्के धरली तर भाव १६३, आणि हाती साधारण २० लाख ४२ हजार. तीच व्यक्ती, तोच दिवस, दोन्ही वेळा ‘गुड’. फक्त व्याख्येतली दोन वाक्यं वेगळी. म्हणून ‘मायनॉरिटी हिश्श्यासाठी कोणतीही सूट न लावता’ हे शब्द आहेत का, हे मी व्याख्या वाचताना आधी शोधते. करार गप्प असेल तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावतो, आणि व्हॅल्युअर सूट लावायला मोकळा असतो.

दुसरी नजर तारखेवर. मूल्यांकन नोटीस दिल्याच्या दिवसाचं, नोकरी संपल्याच्या दिवसाचं, की शेअर हस्तांतराच्या दिवसाचं? मध्ये नवी फेरी झाली किंवा मोठा ग्राहक गेला, तर आकडा पार बदलतो. तारीख लिहिलेली नसेल तर ती ज्याच्या फायद्याची असेल तो ती धरून बसतो. याच्याच जोडीला हेही पाहावं की लगेच पुढे कंपनी चढ्या भावात विकली गेली तर जुन्या संस्थापकाला फरक मिळतो का. ठरावीक महिन्यांसाठी असं कलम मागता येतं. गुंतवणूकदार कुरकुरतात, पण मुदत छोटी असली की बहुधा मानतात.

तिसरी गोष्ट, ठरवणारा कोण. ‘बोर्ड सद्‌भावनेने ठरवेल’ हे संस्थापकाच्या बाजूने स्वीकारू नये. बोर्डावर खरेदीदारच बसलेला असतो. आधी आपसांत सहमती, ठरावीक दिवसांत ती झाली नाही तर स्वतंत्र व्हॅल्युअर, असा क्रम बरा. तो लवाद म्हणून नाही तर तज्ज्ञ म्हणून काम करतो असं लिहिलेलं असतं. याचा परिणाम असा की ढोबळ चूक किंवा फसवणूक सोडली तर त्याचा आकडा न्यायालयात हलवणं फार अवघड. म्हणून त्याला कोणत्या गृहीतकांवर आकडा काढायचा ते आधीच लिहून द्यायचं असतं. त्याची फी कोण भरणार हेही, नाहीतर त्यावरच पहिलं भांडण होतं.

इतकं कडक बॅड लीव्हर कलम न्यायालयात टिकतं का, असं नवे लोक विचारतात. उत्तर देशादेशाच्या कायद्यावर आहे. इंग्लंडपुरतं सांगायचं तर कॅव्हेंडिश विरुद्ध मकदेसी या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असं कलम राखलं, ज्यात व्यवसाय विकणाऱ्याने स्पर्धा न करण्याची अट मोडली तर त्याचे उरलेले शेअर गुडविल न धरता कमी भावात विकावे लागत होते. न्यायालयाने त्यात दंडाऐवजी खरेदीदाराचं कायदेशीर हित पाहिलं. दोन्ही बाजूंना चांगले वकील होते, हेही तिथे महत्त्वाचं ठरलं.

शेवटचा मुद्दा पैसे प्रत्यक्ष कोण देतं याचा. कित्येक देशांत कंपनीला स्वतःचे शेअर फक्त वाटपयोग्य नफ्यातून किंवा ठरावीक मार्गानेच परत घेता येतात, आणि तोट्यातल्या स्टार्टअपकडे तसा नफा नसतो. मग हक्क इतर शेअरहोल्डरांकडे जातो आणि त्यांच्याकडेही रोख नसते. अशा वेळी कलमात ‘हप्त्यांनी देय’ अशी ओळ सापडते. ती असेल तर व्याज, हप्ते चुकल्यास काय, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत शेअर कोणाच्या नावावर राहतील, या तिन्ही गोष्टी तिथेच लिहून घ्याव्यात.