एकतर्फी निवडणूक वार्तांकनाबद्दल संपादकांना पत्र लिहिताय? या चुका टाळा

महापालिकेची निवडणूक लागली की माध्यम अभ्यासक्रमाचे विद्यार्थी संपादकांना लिहिलेली पत्रे तपासण्यासाठी माझ्याकडे आणतात. त्यांतील बहुतेक पत्रांत 'आपल्या वृत्तपत्राने एकाच पक्षाला झुकते माप दिले' हे वाक्य असते. मात्र कोणत्या तारखेच्या, कोणत्या पानावरील, कोणत्या बातमीत, याचा उल्लेख नसतो. असे पत्र छापले जात नाही, कारण त्यातील आरोप संपादकांना तपासूनच पाहता येत नाही.

यापेक्षा घातक चूक म्हणजे घाईने केलेली मोजणी. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत पूर्व उपनगरातील एका विद्यार्थ्याने एका दैनिकाच्या ई-पेपरची आठवडाभराची पाने चाळली, दोन पक्षांच्या नेत्यांची छायाचित्रे मोजली आणि एका पक्षाची छायाचित्रे तिपटीहून अधिक असल्याचे पत्र पाठवून दिले. संपादकीय विभागाचे उत्तर दोन ओळींचे होते : मोजलेल्या छायाचित्रांपैकी काही जाहिरातींतील होती, आणि उपनगरातील उमेदवारांच्या बातम्या स्थानिक पुरवणीत होत्या, जी त्याने उघडलीच नव्हती. पत्र तिथेच निकालात निघाले.

मला त्याहून अधिक खटकले ते पुढचेच. आम्ही पुरवणी घेऊन बसलो, तेव्हा एकतर्फीपणा खरोखरच सापडला, पण तो छायाचित्रांत नव्हता. त्याच्या प्रभागातील नालेसफाई आणि पाणीपुरवठ्यावरील प्रत्येक बातमीत मावळत्या नगरसेवकांचे म्हणणे अवतरणचिन्हांत, नावानिशी आणि सविस्तर आले होते. प्रतिस्पर्ध्यांच्या वाट्याला मात्र 'विरोधकांनी याबाबत टीका केली आहे' एवढेच वाक्य आले होते. कोणते विरोधक आणि कोणती टीका, हे वाचकाला कधीच कळले नाही. जागा मोजून हे हाती लागत नाही. कोणाला बोलू दिले, हे पाहावे लागते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना शहरातील २२७ प्रभागांचा हिशेब मांडू देत नाही. एकच प्रभाग घ्यावा आणि उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यापासून जाहीर प्रचार थांबेपर्यंतचे अंक पाहावेत. त्याआधी उमेदवारांची यादी अंतिम नसते आणि बंडखोरांच्या रुसव्याफुगव्यांमुळे मोठ्या पक्षांची नावे उगाच फुगतात. वहीत तारीख, पान, मथळा, कोणाचे शब्द अवतरणात आहेत आणि आरोप असल्यास त्याच बातमीत संबंधिताचे उत्तर आहे का, एवढेच रकाने आखावेत. मुख्य अंक आणि पुरवणी दोन्ही वाचावीत, शक्यतो छापील. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला जवळची वाट नाही. शोधपेटीत उमेदवाराचे नाव टाकून आलेले आकडे मी ग्राह्य धरत नाही.

दुसरी चूक म्हणजे अग्रलेख, स्तंभ, बातमी आणि जाहिरात यांची सरमिसळ. अग्रलेखाने बाजू घेणे हा वृत्तपत्राचा अधिकार आहे. तक्रार बातमीबद्दलच असावी. बातमीसारखा दिसणारा, बायलाइन नसलेला स्तुतिपर मजकूर आढळला, तर अनेकजण थेट 'पैसे घेऊन छापले' असे लिहून मोकळे होतात. पुराव्याशिवाय असे लिहिणे बदनामीच्या दाव्याला निमंत्रण देते. शिवाय तोच मजकूर दुसऱ्या दैनिकातही शब्दशः आला असेल, तरी दोघांनी पक्षाचे एकच प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापलेले असू शकते. अशा वेळी दोन्ही तारखा आणि पाने देऊन 'हा मजकूर बातमी आहे की जाहिरात, याचा खुलासा व्हावा' असे विचारावे. हा प्रश्न टाळणे संपादकांना अवघड जाते.

बाकीच्या चुका थोडक्यात. महापालिका निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. भारत निवडणूक आयोगाचे नाव लिहिले की पत्राचे वजन पहिल्याच परिच्छेदात जाते. वार्ताहरावर मथळ्याचा राग काढू नये, कारण मथळा सहसा डेस्कवर ठरतो. एकच पत्र पाच दैनिकांना पाठवू नये. स्वतः एखाद्या उमेदवाराच्या प्रचारात असाल, तर तसे पत्रातच सांगावे.

पत्र दीडशे शब्दांत बसवावे आणि त्यात सर्वांत भक्कम दोनच उदाहरणे द्यावीत. वरील प्रभागाचे पत्र आम्ही पुन्हा लिहिले, तेव्हा त्याचा गाभा एवढाच होता : 'अमुक दोन तारखांच्या पुरवणीत पाणीपुरवठ्यावरील बातम्यांत मावळत्या नगरसेवकांचे म्हणणे सविस्तर आले आहे. अन्य उमेदवारांचे म्हणणे नावानिशी आलेले नाही. मतदानापूर्वी ते प्रसिद्ध व्हावे, ही विनंती.' शेवटच्या वाक्यामुळे संपादकांना करण्यासारखे काही उरते. म्हणूनच पत्र मतदानाच्या पुरेसे आधी पोहोचले पाहिजे.

पाठवलेल्या पत्राची प्रत आणि संबंधित कात्रणे जपून ठेवावीत. पुढे भारतीय प्रेस परिषदेकडे जायचे झाले, तर आधी संपादकांना लिहिल्याचे दाखवावे लागते आणि दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. परिषद दंड करू शकत नाही, पण ताकीद देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते.