पुढच्या महिन्याचा अंदाज: सरासरी काढायच्या आधी शीटमध्ये काय काय बघून घ्यायचं

पुढच्या महिन्याच्या विक्रीचा अंदाज मूव्हिंग अ‍ॅव्हरेजने, म्हणजे मागच्या काही महिन्यांच्या सरासरीने काढायचा तर फॉर्म्युला एका ओळीचा आहे, सगळी मेहनत त्याच्या आधीच असते. म्हणून सुरुवात डेटापासून. विक्रीचा एक्स्पोर्ट काढा, त्यात तारीख, आयटम कोड आणि नग एवढे तीनच कॉलम पुरतात, आणि महिने पूर्ण झालेलेच घ्या. चालू महिना अर्धवट असेल तर तो सरळ सोडून द्या, नाहीतर शेवटचा आकडा उगाच कमी दिसतो आणि सरासरीत तोच जाऊन बसतो. आयटम नावाने नाही, कोडने धरा, कारण नावात एक जास्तीची स्पेस पडली तरी शीट त्याला वेगळा आयटम समजते आणि एकाच मालाची विक्री दोन ओळींत वाटली जाते.

मग दुसरी शीट, तिच्यात एका आयटमला एक ओळ, A मध्ये कोड, B ते M बारा महिने, आणि वरच्या ओळीत प्रत्येक महिन्याची पहिली तारीख (खरी तारीख हं, टाईप केलेलं नाव नको). एक्स्पोर्टच्या शीटचं नाव Data, त्यात A तारीख, B कोड, C नग असं धरून B2 मध्ये हे टाका आणि उजवीकडे, खाली ओढा:

```
=SUMIFS(Data!$C:$C,Data!$B:$B,$A2,Data!$A:$A,">="&B$1,Data!$A:$A,"<"&EDATE(B$1,1))
```

लगेच एक ताळा करा, या सगळ्या चौकटीची बेरीज आणि एक्स्पोर्टमधल्या त्याच बारा महिन्यांच्या नगांची बेरीज जुळली पाहिजे. सगळीकडे शून्यच आलं तर बहुतेक वेळा एक्स्पोर्टमधल्या तारखा टेक्स्ट म्हणून आलेल्या असतात. थोडाच फरक असेल तर एखादा कोड यादीतून सुटलाय.

आता रिकामा सेल आणि शून्य, इथे थोडं थांबा. AVERAGE शून्य मोजतं पण रिकामा सेल मोजत नाही. पिव्होट टेबलने महिने काढले असतील तर ज्या महिन्यात विक्री झाली नाही तिथे रिकामा सेल येतो, म्हणजे 6, रिकामा, 9 याची सरासरी 7.5 येते, खरी आहे 5. SUMIFS ने काढलं तर हा त्रास नाही पण उलटा त्रास आहे, जो आयटम पाचव्या महिन्यात आला त्याच्या आधीच्या चार महिन्यांतही शून्य येतं, जणू माल मांडला होता आणि कोणी घेतलाच नाही. तिथले शून्य पुसायचे. नियम सोपा, माल होता आणि विकला नाही तर शून्य, माल विकायलाच नव्हता तर रिकामं.

आणि हीच गोष्ट महिन्याच्या मधेच माल संपला की जास्त नडते, कारण तेव्हा ना शून्य येतं ना रिकामं, एक खरा वाटणारा छोटा आकडा येतो. शीटला विक्री कळते, मागणी कळत नाही. एक आयटम घेऊ, बारा महिन्यांची विक्री 40, 44, 38, 42, 46, 41, 43, 18, 45, 47, 44, 49. आठव्या महिन्यातले 18 बघून उठाव पडला असं वाटेल, पण स्टॉकची नोंद उघडली तर 30 पैकी 12 दिवसच माल होता. 12 दिवसांत 18 म्हणजे दिवसाला दीड नग, पूर्ण महिना माल असता तर साधारण 45 गेले असते. 18 तसेच ठेवून शेवटच्या सहा महिन्यांची सरासरी काढली तर 41 येते, 45 धरून काढली तर 45.5, आणि 41 वर ऑर्डर दिली तर पुढच्या महिन्यात परत माल संपणार, परत विक्री कमी दिसणार, परत ऑर्डर कमी. त्यामुळे स्टॉक संपल्याच्या दिवसांची नोंद हाताशी नसेल तर आधी ती मिळवा, फॉर्म्युला नंतर. दुरुस्ती कॉपीत करा, मूळ आकड्याला हात लावू नका, आणि बदललेला सेल रंगवून ठेवा. माल तीन-चार दिवसच होता असं असेल तर तेवढ्यावरून पूर्ण महिना फुगवू नका, रिकामाच सोडा. एखादी एकदाच आलेली मोठी ऑर्डरही अशीच वेगळी काढायची, ती परत येणार नाही हे माहीत असेल तरच.

आता किती महिन्यांची सरासरी, तीन की सहा? यावर लोक वाद घालत बसतात, खरं तर जुन्याच महिन्यांवर चाचणी घेतली की कळतं. सातव्या ते बाराव्या महिन्याचा अंदाज, जणू ते महिने अजून आलेच नाहीत असं समजून, आधीच्या आकड्यांवरून काढायचा आणि खऱ्या विक्रीपासून किती चुकला ते बघायचं. सातवा महिना H कॉलममध्ये आहे, तर P2 मध्ये तीन महिन्यांची चूक आणि W2 मध्ये सहा महिन्यांची:

```
=ABS(H2-AVERAGE(E2:G2))
=ABS(H2-AVERAGE(B2:G2))
```

पहिला U2 पर्यंत आणि दुसरा AB2 पर्यंत उजवीकडे ओढा, म्हणजे दोन्हीचे सहा-सहा सेल होतील. रेंज G वर संपली पाहिजे, H वर नाही. H आत घेतला तर ज्या महिन्याचा अंदाज करतोय त्याचंच उत्तर सरासरीत शिरतं, चूक मस्त छोटी दिसते आणि सगळी चाचणी वाया. आठव्या महिन्याची चूकही मोजू नका, कारण तिथला 45 आपणच ठरवलेला आहे. उरलेल्या पाच महिन्यांत आपल्या आयटमची सरासरी चूक तीन महिन्यांच्या पद्धतीने 2 नग येते आणि सहाच्या पद्धतीने जवळपास 2.5. म्हणून इथे तीन घ्यायचे, पुढच्या महिन्याचा अंदाज:

```
=AVERAGE(K2:M2)
```

येतात 46.67, म्हणजे 47. सगळ्या आयटमना महिन्यांची एकच संख्या लावू नका मात्र, ज्याची विक्री नुसतीच वरखाली उडत असते त्याला सहा महिने बरे पडतात, ज्याची विक्री हळूहळू सरकतेय त्याला तीन.

अजून एक बघायचं, ABS काढून त्याच चुका चिन्हासकट बघा. या आयटमला पाचपैकी तीनदा अंदाज कमी पडला, एकदा बरोबर आला आणि एकदाच जास्त गेला, सरासरी 1.3 नग कमी. विक्री चढती आहे आणि मूव्हिंग अ‍ॅव्हरेज कायम मागून येते, ती मागच्या महिन्यांचा मध्य सांगते ना. मी इथे 48 धरेन. चिन्ह सगळीकडे एकाच बाजूचं आणि चूकही दर महिन्याला वाढत चालली असेल तर त्या आयटमला ही पद्धतच सोडा.

सीझनच्या मालालाही सोडा, बारा महिन्यांत प्रत्येक महिना एकदाच येतो, मग गेल्या वर्षीची उडी सीझनची होती की योगायोग हे या डेटावरून ठरत नाही, आणि मागच्या तीन थंड महिन्यांची सरासरी येणाऱ्या गर्दीच्या महिन्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि 0, 0, 3, 0, 0, 2 असा जाणारा माल, त्याची सरासरी 0.83 येईल, तिचं काय करणार, अशा आयटमला किमान किती नग ठेवायचे ते हातानेच ठरवा आणि यादीतून वेगळे काढा.